भरावाच्या पत्राचं दुसरं पान

पत्र दोन पानांचं होतं आणि पंचायतीच्या काचेच्या पेटीत एकच पान दिसायचं. पुढचं सगळं रामायण एवढ्यावरून घडलं, असं नंतर कुणी सांगितलं असतं तर इंजिनियरला ते पटलं नसतं. पण घडलं ते असंच.

पेटी पंचायतीच्या कचेरीबाहेर भिंतीला ठोकलेली होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली कारकुनाच्या करगोट्याला. कारकून नियमाचा पक्का. आलेला कागद संपूर्ण लावायचा, हा नियम. म्हणून तो पहिल्या पानामागे दुसरं, दुसऱ्यामागे तिसरं अशी पानं ठेवायचा, चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारायचा आणि काच बंद करायचा. गावाला गेली अकरा वर्षं प्रत्येक कागदाचं पहिलं पानच ठाऊक होतं. त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

गाव आणि आरोग्य उपकेंद्र यांच्या मधे तीनशे मीटरचा खोलगट पट्टा होता. वर्षातले चार महिने त्यात कमरेएवढं पाणी. नर्सबाई त्या काठाला, आजारी माणसं या काठाला. मागच्या साली एका बाळंतिणीला दरवाज्याच्या फळीवर घालून पलीकडे नेलं होतं. बाळंतीण वाचली, फळी परत मिळाली नाही, म्हणून फळीवाला अजून कुरकुरत होता. त्या पट्ट्यावर भराव घालून रस्ता उंचावर न्यायचा, असं शेवटी ठरलं. रोलर, मोरी आणि वरची खडी रस्ते खात्याची, माती गावाची. महिनाअखेर भराव पुरा झाल्याच्या दाखल्यावर साइट इंजिनियरची सही झाली, तर खडी पडणार. नाही झाली, तर रोलर यादीतल्या पुढच्या गावाला, आणि या गावाचा नंबर पुन्हा दोन वर्षांनी.

इंजिनियर पन्नाशीला टेकलेला. गावकऱ्यांना हिशेब कळत नाही असं नाही, त्यांना कुणी नीट सांगतच नाही, अशी त्याची जुनी श्रद्धा होती. नोकरीच्या पंचवीस वर्षांत बाकीच्या श्रद्धा झिजल्या. ही तेवढी उरली होती. म्हणून त्याने पत्रात नुसता आकडा न टाकता आकडा कसा आला ते सविस्तर लिहिलं. तीन वेळा कच्चं लिहिलं, तीन वेळा चुरगाळून फेकलं. पहिलं पान असं उतरलं:

‘भरावाचा छेद समलंब चौकोनाचा आहे, म्हणजे माथा अरुंद व पायथा रुंद. माथ्याची रुंदी सहा मीटर, उंची दोन मीटर. माती सरळ भिंतीसारखी उभी राहत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना उतार द्यावा लागतो: एक मीटर उंचीला दोन मीटर आडवे. त्यामुळे पायथा प्रत्येक बाजूला चार मीटर वाढून चौदा मीटर होतो. माथा व पायथा यांची सरासरी दहा मीटर. तिला उंची दोनने गुणता छेदाचे क्षेत्रफळ वीस चौरस मीटर. लांबी तीनशे मीटर. सबब भरावास एकूण सहा हजार घनमीटर माती लागेल.’

इथे पान संपलं. दुसऱ्या पानावर होतं:

‘वरील आकडा रोलरने दाबलेल्या मातीचा आहे. ट्रॉलीतली माती सैल असते. दाबून तीन घनमीटर हवी असेल तर सैल चार घनमीटर आणावी लागते. म्हणून सैल माती आठ हजार घनमीटर, म्हणजे चार घनमीटरच्या दोन हजार ट्रॉल्या लागतील. माती टेकडीवरच्या मुरमाचीच असावी. तीत कचरा, मुळ्या, कपडा, प्लास्टिक असे काहीही नसावे. ते कुजते किंवा दबते व रस्ता खचतो.’

समलंब चौकोनाचं एवढं कौतुक केलं नसतं तर सगळं एका पानात बसलं असतं. पण ते त्याला फार उशिरा सुचलं.

पंचायतीच्या बैठकीत कारकुनाने पहिलं पान मोठ्याने वाचलं, दुसरं उलटून पाहिलं आणि म्हणाला, “पुढचं तांत्रिक आहे.”

“मग राहू दे,” सरपंच म्हणाले. “आकडा आला ना? सहा हजार. ट्रॉलीत किती मावते?”

“चार.”

“म्हणजे पंधराशे ट्रॉल्या. घरं तीनशे. घरटी पाच. हे काय, तोंडी झालं! याला इंजिनियर कशाला लागतो?”

इंजिनियर त्या बैठकीला नव्हता. ट्रॉल्या सुरू झाल्यावर दहा-बारा दिवसांनी त्याला खात्याने वीस किलोमीटरवरच्या पुलावर पाठवलं. तोवर पहिले तीन थर त्याने स्वतः उभं राहून घालून घेतले होते. वीस-वीस सेंटिमीटरचे, टेकडीच्या तांबड्या मुरमाचे, पाणी मारून, रोलर फिरवून, घट्ट दाबलेले. प्रत्येक थराची घनता तपासून वहीत टिपली होती. निघताना रोलर चालवणाऱ्या मामांना त्याने बजावलं, “असंच चालू ठेवा. आणि साइट ऑफिसच्या मागचा ढीगही हलवा जरा, वास मारतोय.”

“हलवतो,” मामा म्हणाले. कुठे ते त्याने विचारलं नाही, मामांनी सांगितलं नाही.

दहा दिवसांनी तो परतला तेव्हा भरावावर पताका लावल्या होत्या.

“या साहेब, या,” सरपंच पुढे झाले. “एक हजार पाचशे! एक कमी नाही, एक जास्त नाही. गावाने शब्द पाळला. आता तुम्ही सही पाळा.”

इंजिनियरने पताकांच्या वर पाहिलं, खाली पाहिलं. भराव त्याच्या छातीला लागत होता. खरं तर तो त्याच्या डोक्यावर दिसायला हवा होता. त्याने लेव्हल लावली. उंची एक मीटर तीस.

“सत्तर सेंटिमीटर कमी आहे.”

“कमी कसा असेल? मोजून टाकलाय. तुमचाच आकडा.”

“दुसरं पान वाचलंत का?”

सरपंचांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने करगोट्याची किल्ली चाचपली. “लावलंय ना साहेब. संपूर्ण लावलंय. पहिल्याच्या मागे.”

इंजिनियरला राग आला. रागाचा एक कढ असतो, तो वर येतो आणि उतू जातो. हा तसला नव्हता. हा ओशट होता, बशीतल्या गार चहावर साय धरते तसा. दोन हजारांऐवजी पंधराशे, म्हणजे माती एक चतुर्थांश कमी. पण पायथा चौदा मीटरचा, खालचे थर रुंद, मातीचा मोठा वाटा खालीच मुरतो, म्हणून उंची मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी. हे समजावून सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. मग आठवलं की समजावून सांगण्यानेच तर घात केला.

आणि वास येत होता.

“मामा,” तो म्हणाला, “वरची माती काळपट का दिसते?”

मामा रोलरच्या सीटवरून खाली उतरले नाहीत. “साहेब, मी दाबणारा माणूस. समोर येईल ते दाबतो. टेकडी दोन किलोमीटर लांब. घरामागचा उकिरडा दाराशी. पाच ट्रॉल्या म्हणजे पाच ट्रॉल्या. लोकांनी हिशेब केला.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“बोललो की. म्हटलं, हळू टाका, काच टायरला लागेल.”

इंजिनियरने तिथल्या तिथे सांगितलं की मधोमध चाचणीचा खड्डा खणणार, दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, खालचा मुरूम लागेपर्यंत. सरपंच म्हणाले, “काय गरज आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.” पण तोवर लोक जमले होते, आणि खड्डा खणताना बघणं ही माणसाची फार जुनी हौस आहे.

पहिल्या कुदळीला कापूस आला. राखी पडलेला, ओला, पिळून काढावा तसा. मग त्याच्याभोवतीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड.

“अगंबाई,” गर्दीतून एक काकू म्हणाल्या, “ही सासूबाईंची गादी.” आवाजात लाज नव्हती, ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होता. “केवढी दबलीय बघा. त्यांच्या हयातीत इतकी सपाट कधी झाली नाही.”

गादीखाली केस होते. न्हाव्याच्या दुकानातले, गोणीच्या गोणी, दाबून त्यांचा नमदा झालेला. गोणी फाटली होती. कुदळीला केसांचे पुंजके लोंबत वर आले तेव्हा खणणारा गडी मान वळवून ओकला. न्हावी शांतपणे म्हणाला, “हे सगळ्या गावाचे आहेत. माझ्या एकट्यावर ढकलू नका.”

केसांखाली पिसं. पिसांखाली जे होतं ते एके काळी कोंबड्यांच्या आत होतं. त्याचा वास आला तेव्हा गर्दीचा एक वर्तुळाकार पापुद्रा मागे सरकला आणि सगळ्यांनी पदर, उपरणी, बाह्या नाकाला लावल्या. कोंबडीवाला सरपंचांचा मेहुणा होता, त्यामुळे कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी सरपंचांकडे पाहिलं.

“पाच ट्रॉल्या त्याच्या वाट्याच्या होत्या, त्याने पाच टाकल्या,” सरपंच म्हणाले.

“आठ टाकल्या,” काकू म्हणाल्या. “मी मोजल्यात. तीन तुमच्या नावावर लागल्या.”

आता इंजिनियरला वाटलं होतं की लोक शरमेने माना खाली घालतील. भोळेपणा हा पंचवीस वर्षांच्या नोकरीनेही जात नाही. भांडण सुरू झालं ते कचरा का टाकला यावर नव्हे, तर कुणाचा जास्त मोजला गेला यावर. कुणाची ट्रॉली पाऊणच भरलेली, कुणी कापसाची पऱ्हाटी पसरून फुगवलेली. खड्ड्याच्या काठावर उभे राहून तीनशे घरांनी एकमेकांची घाण नावानिशी ओळखली. आपली ओळखताना मात्र सगळ्यांची नजर अधू झाली.

मग कुदळीला काच लागली. औषधाच्या बाटल्या, रक्ताने करपलेला कापूस आणि सुया. टोपण नसलेल्या, मूठभर.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. नर्सबाई गर्दीच्या मागे उभ्या होत्या. या रस्त्यासाठी सात वर्षं त्यांनी अर्ज लिहिले होते. प्रत्येक अर्जाचं पहिलं पान पेटीत लागलं होतं. इंजिनियरच्या मनात सगळ्या गावात एकच माणूस स्वच्छ होतं, आणि ते हे.

“उपकेंद्रालाही एक घर धरून पाच ट्रॉल्या लावल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे ट्रॅक्टर नाही, टेकडीवर जायला माणूस नाही. दोन वर्षं तो कचरा न्यायला कुणी आलं नाही. म्हटलं, पुरला तर निदान पायाला लागणार नाही.” जरा थांबून म्हणाल्या, “साहेब, सही करा. खचेल तेव्हा खचेल. यंदाची चार बाळंतपणं तरी पार पडतील.”

“बाई, पाणी चढलं की हे सगळं फुगतं, कुजतं, बाजूने फुटतं. पहिल्याच वर्षी. बाळंतीण रस्त्यावर असताना फुटलं तर? आणि तुमच्या सुया खालच्या डबक्यात. तिथे गुरं पाणी पितात.”

“मला शिकवू नका,” त्या म्हणाल्या. पण आवाज चढला नव्हता. त्या सुयांकडेच बघत होत्या.

इंजिनियरच्या मनात तेव्हा जे आलं ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. या लोकांना रस्ता द्यायचाच कशाला? पोहत जाऊ देत. आपापल्या गाद्यांवर बसून तरंगत जाऊ देत. पिशवी उचलावी, दाखल्यावर लाल रेघ मारावी आणि घरी जाऊन गरम पाण्याने दोनदा आंघोळ करावी. त्याने पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

“साहेब, अजून आहे,” खड्ड्यातला गडी म्हणाला. मुरमाला लागून, अगदी तळाशी, एक काळी प्लास्टिकची पिशवी होती. म्हणजे इंजिनियर गेल्यावर पडलेली पहिली ट्रॉली. गड्याने ती काठावर ठेवली. पिशवीची गाठ सुटली आणि कागदी थाळ्या, चहाचे कप, बुरशी आलेला भात, सिमेंटची रिकामी गोणी हे सगळं बाहेर आलं. गोणीवर रस्ते खात्याचा शिक्का.

मामा रोलरच्या सीटवर अचानक फार कामात गुंतले.

थाळ्यांमधे कागदाचे चुरगाळलेले बोळे होते. कारकुनाने एक उलगडला. कागदाचा मान राखायची त्याला सवय होती. त्याने तो मांडीवर सरळ केला आणि मोठ्याने वाचायला लागला. “‘तीत कचरा, मुळ्या, कपडा, प्लास्टिक असे काहीही नसावे, ते कुजते किंवा दबते व...’ साहेब, हे तुमचं अक्षर आहे.”

दुसरं पान भरावापर्यंत पोचलं होतं. बाकी कुठे नाही, तरी तिथे पोचलं होतं.

गर्दीत कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. सरपंच हसले नाहीत, त्यांनी फार मायेने विचारलं, “साहेब, हा ढीग तुम्हीच हलवायला सांगितला होतात ना? मामा म्हणाले.”

“हो.”

“कुठे टाका म्हणून सांगितलं होतं?”

“नाही. सांगितलं नव्हतं.”

“मग आपण सगळे एकाच ट्रॉलीतले,” सरपंच म्हणाले आणि दाखला पुढे केला. “करून टाका. आम्ही तुमची पिशवी पाहिली नाही, तुम्ही आमचा खड्डा पाहिला नाही. मामा, लोटा माती परत.”

आतापर्यंत इंजिनियरला गावाची किळस येत होती, आणि किळस येण्यात एक सुख असतं: माणूस आपोआप चार पायऱ्या वर उभा राहतो. आता तो खड्ड्याच्या काठावर सगळ्यांच्या बरोबरीने उभा होता आणि त्याच्या भाताचा वास कोंबड्यांच्या वासापेक्षा फार वेगळा येत नव्हता. त्याने दाखला घेतला, त्याची उलटी घडी घातली आणि खिशात टाकला.

“सही नाही होणार,” तो म्हणाला. “कारकून, कागद आणा. दोन.”

रोलरच्या बंपरवर कागद ठेवून त्याने तिथेच पत्र लिहिलं. पहिल्या पानावर या वेळी समलंब चौकोन नव्हता. सरपंचांना सप्रेम नमस्कार, विषय, संदर्भ, आणि सोबतचं पान वाचावं ही विनंती, एवढंच. मग त्याने दुसरं पान घेतलं.

‘खालचे तीन थर, साठ सेंटिमीटर, चांगले आहेत, ते दाबलेले दोन हजार तीनशे चार घनमीटर भरतात. त्यावरचे सर्व काढून टाकणे. सहा हजार पुरे करण्यास तीन हजार सहाशे शहाण्णव घनमीटर कमी पडतात. सैल मोजता चार हजार नऊशे अठ्ठावीस. म्हणजे बाराशे बत्तीस ट्रॉल्या, फक्त टेकडीचा मुरूम. काढलेला कचरा ज्याने टाकला त्याने परत न्यावा. सुया व काच मी खात्याच्या डब्यातून जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचवीन. घरटी चार ट्रॉल्या, म्हणजे बाराशे. उरलेल्या बत्तीस साइट ऑफिसच्या.’

आणि खाली यादी: खड्ड्यात काय सापडलं आणि कुणाचं. पहिली ओळ: ‘साइट ऑफिस: उष्टं, थाळ्या, गोण्या, या पत्राचा कच्चा मसुदा.’ दुसरी: कोंबडीवाला. तिसरी: न्हावी. मग काकूंच्या सासूबाई, मग उपकेंद्र. जागा संपेपर्यंत.

“हे पेटीत लावायचं?” सरपंचांनी विचारलं. “मेहुण्याचं नाव...”

“नियम आहे,” कारकून म्हणाला. “आलेला कागद संपूर्ण लावायचा.”

“महिनाअखेरपर्यंतच्या बारा दिवसांत बाराशे बत्तीस कशा होणार?”

“दिवसाला एकशे तीन,” इंजिनियर म्हणाला. “पंधराशे तीन आठवड्यांत झाल्या. तेव्हा निम्म्या ट्रॉल्या घरामागून येत होत्या हे खरं.”

सरपंचांनी उपरणं झटकलं. ते कचेरीकडे निघाले, कारकून त्यांच्या मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियर पंचायतीच्या कचेरीवरून गेला तेव्हा पेटीसमोर इतकी माणसं होती की सायकलवरून उतरून ती हातात धरावी लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कारकुनाने पानं उलटी लावली होती. सप्रेम नमस्कार आणि विषय मागे, दुसरं पान पुढे. नियमाला धक्का नाही; पत्र संपूर्ण होतं.

“साइट ऑफिस पहिलं आहे,” कुणीतरी वाचत होतं. “उष्टं. शी.”

“मग आहेच तसं. शहरातली माणसं.”

“मेहुणा दुसरा. बघ, आठ लिहिल्यात.”

“माझं नाव अकरावं का? त्या शेजारणीचं तर बारावंही नाही.”

यादी वाचायला आलेला प्रत्येक जण आधी वरची वाक्यं ओलांडूनच खाली जात होता. सैल, दाबलेली, बाराशे बत्तीस, फक्त मुरूम. कुणी अर्थ लावला, कुणी नाही. पण काकू मात्र नाकाला पदर लावून उभ्या होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, “आपल्या चार. मोजून. आणि या वेळी मी खड्ड्याशी उभी राहणार, कोण काय आणतंय ते बघायला.”

इंजिनियर सायकल धरून भरावापाशी आला. मामा रोलर बाजूला घेऊन बसले होते. खड्ड्याशेजारी नर्सबाई गुडघ्यांवर बसून जाड हातमोज्यांनी एक-एक सुई पत्र्याच्या डब्यात टाकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“तुमची पिशवी तिकडे ठेवलीय,” त्या म्हणाल्या. “तुमची तुम्ही उचला.”

त्याने बाह्या वर केल्या. बुरशी आलेला भात काल होता तिथेच, उन्हाने जरा सुकलेला. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. पहिली ट्रॉली होती, आणि दुरूनही तिच्यातली माती तांबडी दिसत होती. त्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं, श्वास रोखला आणि भात दोन्ही हातांनी पिशवीत भरायला लागला.